घड्याळ, झोपाळा आणि आजींचा प्रश्न



गेल्या महिन्यात वडोदऱ्याच्या आपल्या एका घरातून निरोप आला. त्या घरातली नात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. त्यात एक पेपर आहे 'धर्माचे तत्त्वज्ञान'. तिने लिहिलं होतं: "काका, ईश्वर आहे हे सिद्ध करणारे युक्तिवाद लिहायचे असतात आणि त्याच उत्तरात त्यांच्यावरचे आक्षेपही लिहायचे असतात. मी मोठ्याने पाठ करते तेव्हा आजी झोपाळ्यावर बसलेली असते. काल तिने विचारलं, 'अगं, देव नाही हे तू कशाला पाठ करतेस?' मला काही बोलता आलं नाही. आक्षेप मन लावून लिहायला गेलं की हात अडखळतो."

आम्ही चौघेजण तीन रविवार तिच्यासोबत फोनवर बसलो. खरं सांगायचं तर शिकवायला बसलो आणि शिकून उठलो. आपल्यापैकी बरेच जण नातवंडांना सहज सांगतात, "बाळा, प्रत्येक गोष्टीला कोणीतरी करणारा असतो, मग जगाला नको का?" आम्हीही सांगत होतो. हे वाक्य जसंच्या तसं टिकत नाही, हे आम्हाला या तीन रविवारांत कळलं. म्हणून जे समजलं ते आज सगळ्यांपुढे ठेवत आहोत. परीक्षा असणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईलच, पण झोपाळ्यावर बसलेल्या आजींसाठीही ते लिहिलं आहे.

पहिला युक्तिवाद: जगाचं कारण

याला मुलांच्या पेपरात 'कॉस्मॉलॉजिकल आर्ग्युमेंट' म्हणतात. आपण त्याला विश्वकारणाचा युक्तिवाद म्हणू. त्याचं घरगुती रूप असं: प्रत्येक गोष्टीला कारण असतं, जगालाही असणार, ते कारण म्हणजे ईश्वर. यावर शाळेतला पोरगासुद्धा विचारतो, "मग देवाला कोणी केलं?" त्याला गप्प बसवण्याआधी जरा थांबू या, कारण त्याचं बरोबर आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं म्हटलं, तर ईश्वरालाही असलं पाहिजे. ईश्वराला सूट द्यायची असेल, तर तीच सूट जगाला का नाही? एवढ्यावर हे घरगुती रूप संपतं.

पण गंमत अशी की ज्या मोठ्या विचारवंतांच्या नावावर हा युक्तिवाद खपवला जातो, त्यांनी तो असा मांडलेलाच नाही. तेराव्या शतकात इटलीत जन्मलेले ख्रिस्ती साधू थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात ईश्वरापर्यंत जाण्याच्या पाच वाटा सांगितल्या. त्यांत 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' हे वाक्य नाही. ते म्हणतात, काही गोष्टी दुसऱ्या कशामुळे तरी घडताना आपण पाहतो, कोणतीही गोष्ट स्वतःचंच कारण होऊ शकत नाही, आणि ही परावलंबी साखळी अनंत असू शकत नाही. म्हणून जे कशावरही अवलंबून नाही असं काहीतरी असलं पाहिजे. पोरगा विचारेल, "त्याला कोणी केलं?" तर हा प्रश्न आता लागू पडत नाही. कारण 'सगळ्यालाच कारण असतं' असं मुळात कोणी म्हटलंच नव्हतं.

आता इथे एक गाठ आहे. ती सुटली नाही तर पुढचं सगळं चुकतं. आपल्याला वाटतं की ही साखळी मागे, काळात जाते: मुलगा, बाप, आजोबा, पणजोबा, आणि अगदी सुरुवातीला ईश्वर. अक्वायनस तसं म्हणत नाहीत. उलट त्यांचं स्पष्ट मत होतं की जगाला काळात सुरुवात होती हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं असतं. मग साखळी कोणती?

त्या मुलीला आम्ही म्हटलं, "आजींच्या झोपाळ्याकडे बघ." पितळी कड्यांच्या साखळ्यांवर पाट टांगलेला आहे. पाटाला सर्वांत खालच्या कडीने धरलं आहे, तिला वरच्या कडीने, तिला त्याच्या वरच्या. प्रत्येक कडी खालचं वजन पेलते, पण स्वतःच्या जोरावर नाही. तिची पेलण्याची ताकद वरून उसनी आलेली आहे. आता साखळी हवी तेवढी लांब करा, शंभर कड्या जोडा, लाख जोडा. वर तुळईतला हूक नसेल तर पाट क्षणभरही टांगलेला राहणार नाही. सगळ्याच कड्या उसनवारीवर असतील, तर उसनं देणारा कोण?

बाप आणि आजोबांची साखळी अशी नसते. आजोबा गेले तरी बापाला मुलगा होतो. तिथे मागची कडी नाहीशी झाली म्हणून पुढची गळून पडत नाही. झोपाळ्याची साखळी मात्र याच क्षणी, एकदम, वरपासून खालपर्यंत धरलेली असते. अक्वायनस यांचा युक्तिवाद या दुसऱ्या प्रकारच्या साखळीबद्दल आहे. त्यांचा प्रश्न 'जग केव्हा सुरू झालं' हा नसून 'जग आत्ता कशाच्या आधारावर उभं आहे' हा आहे.

काळातल्या सुरुवातीवर बेतलेला युक्तिवादही आहे, तो वेगळा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला निवर्तलेले इस्लामी विचारवंत अल-गझाली यांच्या परंपरेतला तो आहे आणि आपल्या काळात विल्यम लेन क्रेग या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1979 च्या पुस्तकातून तो पुन्हा पुढे आणला. त्याला 'कलाम' युक्तिवाद म्हणतात: ज्याला सुरुवात असते त्याला कारण असतं, जगाला सुरुवात आहे, म्हणून कारण आहे. महास्फोटाचा, म्हणजे बिग बँगचा, आधार इथे घेतला जातो. पण सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं आणि तिथून ते पसरत आलं, एवढं विज्ञान सांगतं. ते शून्यातून आलं का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. म्हणून आपल्या ग्रुपवर 'विज्ञानाने देव सिद्ध केला' असे निरोप येतात, ते पुढे पाठवताना जरा हात आखडता घ्यावा. परीक्षेत हे दोन युक्तिवाद एकमेकांत मिसळले की मार्क जातात, आणि घरातल्या चर्चेत मिसळले की वाद वाढतो.

यावरचे खरे आक्षेप

'देवाला कोणी केलं' हा कच्चा आक्षेप. पक्के आक्षेप वेगळे आहेत आणि ते नीट ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम यांचा. त्यांचा 'नैसर्गिक धर्मासंबंधी संवाद' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1779 मध्ये छापला गेला. त्यातलं एक पात्र म्हणतं, समजा वीस कण आहेत आणि त्या प्रत्येकाचं कारण मी तुम्हाला वेगवेगळं सांगितलं. त्यानंतर 'या वीस कणांच्या समूहाचं कारण काय' असं विचारण्यात काय अर्थ? एकेकाचं सांगितलं त्यातच सगळ्यांचं आलं. पुढे 28 जानेवारी 1948 रोजी बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट पाद्री फ्रेडरिक कोपलस्टन यांचा प्रसिद्ध वाद झाला, त्यात रसेल यांनी हाच धागा पकडला. त्यांचं म्हणणं साधारण असं: प्रत्येक माणसाला आई असते, पण म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असं होत नाही. भागाला जे लागू ते पूर्णाला लागू होतंच असं नाही.

मुलगी म्हणाली, "मग संपलंच की!" आम्ही म्हटलं, पुन्हा झोपाळ्याकडे बघ. प्रत्येक कडी पितळेची आहे, म्हणून साखळी पितळेची आहे. हे बरोबर ना? प्रत्येक कडी चार बोटं लांब आहे, म्हणून साखळी चार बोटं लांब आहे. हे मात्र चूक. म्हणजे भागावरून पूर्णाकडे जाणं कधी चालतं, कधी चालत नाही. रसेल यांनी दाखवलं की ते नेहमी चालत नाही. पण ते कधीच चालत नाही, असं काही त्यातून सिद्ध होत नाही. खरा प्रश्न उरतो तो हा: 'दुसऱ्यावर अवलंबून असणं' हा गुण पितळेसारखा आहे की लांबीसारखा? आस्तिक म्हणतो पितळेसारखा. उसनवारीवर जगणाऱ्या कितीही गोष्टी एकत्र केल्या तरी ढीग उसनवारीचाच राहणार. नास्तिक म्हणतो, हे तू गृहीत धरलंस, दाखवलं नाहीस. वाद इथे येऊन थांबतो आणि प्रामाणिक विद्यार्थ्याने तो इथपर्यंत आणून सोडावा.

लाइबनिट्स या जर्मन तत्त्वज्ञाने ह्यूमच्या आधीच, 1697 च्या एका निबंधात, याला एक सुंदर उत्तर देऊन ठेवलं होतं. समजा भूमितीचं एक पुस्तक आहे. ते आधीच्या प्रतीवरून उतरवलं, ती त्याच्या आधीच्या प्रतीवरून, आणि ही परंपरा अनादि आहे. प्रत्येक प्रतीचं कारण सांगता येतं. तरी या पुस्तकात भूमितीच का आहे, दुसरं काही का नाही, हा प्रश्न सुटतो का? आपल्याकडे पोथ्या उतरवून घेण्याची रीत होती, त्यामुळे हे आपल्याला चटकन पटतं. नकलांची रांग कितीही लांब असो, मजकूर कुठून आला हे रांग सांगत नाही.

दुसरा आक्षेपही रसेल यांचाच, आणि तो जास्त कठीण आहे. ते म्हणतात, जग आहे, बस. त्याच्यामागे काही कारण असलंच पाहिजे असा हट्ट का? लाइबनिट्स ज्यावर उभे आहेत ते तत्त्व म्हणजे 'प्रत्येक वस्तुस्थितीला पुरेसं कारण असतं'. पण हे तत्त्व सिद्ध कसं करणार? आपण ते रोजच्या व्यवहारात वापरतो हे खरं, पण रोजच्या व्यवहारातलं माप सगळ्या विश्वाला लावता येतं का? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांची शंका याच जातीची: कार्य आणि कारण ही जोडी अनुभवाच्या आतल्या गोष्टी जुळवण्यासाठी आहे, अनुभवाच्या पलीकडे उडी मारायला ती शिडी पुरत नाही. आस्तिकाकडे याला चोख उत्तर नाही. तो एवढंच म्हणू शकतो की प्रश्न विचारणं मध्येच का थांबवायचं, याचंही कारण तुम्ही दिलेलं नाही.

तिसरा आक्षेप आम्हाला सगळ्यांत जास्त टोचला. समजा, हूक आहे हे मान्य केलं. पण हूक म्हणजे आपण ज्याची पूजा करतो तो ईश्वर, हे कशावरून? त्याला करुणा आहे का? तो हाक ऐकतो का? 'कशावरही अवलंबून नसलेलं काहीतरी' एवढ्यापाशी हा युक्तिवाद संपतो. अक्वायनस यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून पाच वाटांनंतर त्या ग्रंथात ईश्वराच्या गुणांवर त्यांनी पानंच्या पानं लिहिली. पण ती पुढची वाट वेगळी आहे आणि तिथे प्रत्येक पायरीवर नवा वाद आहे.

दुसरा युक्तिवाद: रचना

दुसऱ्या रविवारी रचनेचा युक्तिवाद घेतला. याचं प्रसिद्ध रूप विल्यम पेली या इंग्रज पाद्रींनी 1802 मध्ये 'नॅचरल थिओलॉजी' या पुस्तकात दिलं. माळरानावर चालताना पायाला दगड लागला तर तो तिथे कायमचाच असेल असं म्हणून आपण पुढे जाऊ. पण घड्याळ सापडलं तर तसं म्हणता येईल का? चाकं, स्प्रिंग, काटे, सगळं वेळ दाखवण्यासाठी जुळवलेलं. म्हणजे ते कोणीतरी बनवलं. आणि डोळा तर घड्याळापेक्षा कितीतरी सूक्ष्म.

इथे मुलं हमखास एक चूक करतात. लिहितात, "पेलीच्या युक्तिवादाला ह्यूमने उत्तर दिलं." ह्यूम 1776 मध्ये वारले, पेलींचं पुस्तक त्यानंतर 26 वर्षांनी आलं. ह्यूम यांनी आक्षेप घेतले ते त्यांच्या काळात आधीच प्रचलित असलेल्या अशाच युक्तिवादावर. 'ह्यूमचे आक्षेप पेलींनाही लागू पडतात का' असं लिहिलं तर ते बरोबर.

ह्यूम यांचं म्हणणं असं. घर पाहिलं की गवंडी आठवतो, कारण घरं बांधताना आपण पाहिली आहेत. जगं बनताना कोणी पाहिली? आपल्याकडे तर एकच जग आहे. आणि जग घड्याळासारखंच आहे हे कोणी ठरवलं? ते एखाद्या झाडासारखंही आहे, आणि झाड कोणी ठोकून-ठाकून बनवत नाही, ते बीजातून वाढतं. बरं, कारागीर मानला तरी तो एकच कशावरून? जहाज बांधायला अनेक हात लागतात. कदाचित हे जग एखाद्या शिकाऊ कारागिराचा पहिला, फसलेला प्रयत्न असेल. शेवटी, जगात एवढं दुःख आहे. त्या दुःखासकटच्या जगावरून पूर्ण दयाळू कर्त्याचं अनुमान निघेल कसं?

पेलींनी यातल्या काही गोष्टींना पुस्तकात उत्तर दिलं आहे, ते बहुतेक विद्यार्थी लिहीत नाहीत. घड्याळ बनताना मी कधी पाहिलं नसलं तरी निष्कर्ष तोच राहतो, असं ते म्हणतात. घड्याळ कधीमधी चुकलं तरी ते बनवलेलंच असतं, असंही म्हणतात. हे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. पण दुसऱ्या मुद्द्याने कर्ता वाचतो, त्याचं सर्वज्ञ असणं वाचत नाही.

पेलींच्या युक्तिवादाला खरा धक्का बसला तो 1859 मध्ये, डार्विन यांच्या ग्रंथाने. डार्विन यांनी केंब्रिजला असताना पेली मन लावून वाचले होते. त्यांनी डोळ्याचंच उदाहरण घेतलं आणि दाखवलं की छोट्या-छोट्या पायऱ्यांनी, जी पायरी उपयोगी पडेल ती टिकत जाऊन, डोळा घडू शकतो. या पायऱ्या नुसत्या कल्पनेतल्या नाहीत, आजही जिवंत प्राण्यांत दिसतात. एकट्या मृदुकाय प्राण्यांच्या कुळातच बघा. खडकाला चिकटून राहणाऱ्या लिंपेट या शिंपल्याच्या प्राण्याला प्रकाश कळणाऱ्या पेशींची नुसती खळगी असते. नॉटिलसला बारीक भोकाचा, भिंग नसलेला डोळा असतो. ऑक्टोपसला भिंगासह पूर्ण डोळा असतो. आणखी एक गोष्ट: आपल्या डोळ्यात नसांचे धागे पडद्याच्या पुढून जातात आणि एका ठिकाणी एकत्र होऊन मागे शिरतात. तिथे आपल्याला काहीच दिसत नाही, तो आंधळा बिंदू. ऑक्टोपसच्या नसा पडद्याच्या मागूनच जातात, त्याला हा बिंदू नाही. कारागिराने मुद्दाम असं केलं असेल, असं म्हणणं मग अवघड होतं. टप्प्याटप्प्याने घडलेल्या डोळ्यात जुन्या वाटेचे असे अवशेष राहणं मात्र समजण्यासारखं आहे.

इथे दोन्ही बाजूंनी घाई होते. डार्विन यांनी ईश्वर नाही असं सिद्ध केलं नाही. त्यांनी एवढंच दाखवलं की डोळ्याच्या रचनेवरून थेट कारागिराकडे उडी मारण्याची गरज राहत नाही. आजचे आस्तिक तत्त्वज्ञ, उदाहरणार्थ ऑक्सफर्डचे रिचर्ड स्विनबर्न, एक पाऊल मागे घेतात. ते म्हणतात, उत्क्रांती घडायलाही निसर्गनियम लागतात. हे नियम इतके नीटनेटके, सगळीकडे सारखे, आणि जीवसृष्टी शक्य होईल असे का आहेत? यावर प्रतिपक्ष विचारतो: दुसरी जगं पाहिलेली नसताना 'असं होणं दुर्मिळ' हे कशाशी तोलून म्हणता? म्हणजे ह्यूम यांचा 'एकच जग' हा मुद्दा नव्या वेशात परत येतो. स्विनबर्न स्वतः याला शंभर टक्के सिद्धता म्हणत नाहीत. अशा अनेक युक्तिवादांचं वजन एकत्र केलं तर ईश्वर असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त ठरते, एवढाच त्यांचा दावा आहे.

एक उत्तर, प्रत्यक्ष लिहून

तिसऱ्या रविवारी तिला आम्ही एक प्रश्न दिला: 'ह्यूम यांच्या आक्षेपाने विश्वकारणाचा युक्तिवाद कोसळतो का?' तिने पहिल्यांदा लिहिलं त्यात पाच वाटा, चार आक्षेप आणि शेवटी 'अशा प्रकारे दोन्ही बाजूंना तथ्य आहे' असं वाक्य होतं. आम्ही म्हटलं, हे गोदाम झालं, उत्तर नाही.

मग तिने पुन्हा लिहिलं. आधी ठरवलं की युक्तिवादाचं कोणतं रूप घ्यायचं: काळातल्या सुरुवातीचं नाही, याच क्षणीच्या आधाराचं. ते तीन वाक्यांत मांडलं. नंतर वीस कणांचा आक्षेप, तोही त्याच्या सगळ्यांत मजबूत रूपात. मग तो कुठे लागू पडतो हे तपासलं. कण एकमेकांच्या शेजारी नुसते ठेवलेले असतील तर आक्षेप जोरदार आहे. पण एकाचं असणं दुसऱ्याच्या असण्यावर टांगलेलं असेल, तर 'एकेकाचं सांगितलं म्हणजे सगळ्यांचं आलं' हे खरं राहत नाही. प्रत्येक उत्तर पुढच्या उत्तराचं उधार असतं. शेवटी तिने निकाल दिला: हा आक्षेप एकटा युक्तिवाद पाडत नाही, पण रसेल यांचा 'जग आहे, बस' हा पर्याय बंदही होत नाही. म्हणून युक्तिवाद समजण्याजोगा आहे, सक्तीचा नाही. दोन पानांत संपलं. आणि हात अडखळला नाही.

मग आजींना काय सांगायचं?

इथे आम्हाला आपल्याच परंपरेत एक उत्तर सापडलं, ते सांगून थांबतो.

रचनेचा युक्तिवाद काही इंग्लंडातून आलेला नाही. आपल्याकडे न्यायदर्शनाच्या आचार्यांनी तो पेलींच्या कितीतरी आधी मांडला. दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ खास ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. त्यातला एक प्रमुख युक्तिवाद असा की घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार असतो, तशीच पृथ्वी वगैरेही कार्यं आहेत, तेव्हा त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. पेलींचं घड्याळ आणि आपला कुंभार, दोघं एकाच गल्लीतले. यावर बौद्ध, जैन आणि मीमांसक तुटून पडले, हे आपण समजू शकतो. ते ईश्वरवादी नव्हते.

पण याच युक्तिवादावर एक घणाघाती हल्ला झाला तो एका परमभक्ताकडून. श्रीरामानुजाचार्य, ज्यांचं सगळं आयुष्य नारायणाच्या भक्तीत गेलं, त्यांनी श्रीभाष्यात 'शास्त्रयोनित्वात्' या ब्रह्मसूत्रावर लिहिताना हे अनुमान तपासलं आणि नाकारलं. त्यांचा रोख असा: पृथ्वी, पर्वत, समुद्र हे सगळं एकाच वेळी, एकाच कर्त्याने केलं हे कशावरून? मोठे वाडे अनेक जण मिळून बांधतात. शिवाय कुंभाराला शरीर असतं, आणि तो कर्माने बांधलेला असतो. त्याच्यावरून अनुमान काढाल तर ईश्वरही शरीरी आणि बांधलेलाच निघेल, सर्वशक्तिमान निघणार नाही. ह्यूम यांच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी जवळजवळ तेच आक्षेप! आणि निष्कर्ष? ईश्वर नाही, हा नव्हे. तर ईश्वर अशा अनुमानाने कळत नाही, तो शास्त्रातून कळतो, हा.

त्या मुलीने हे ऐकलं आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे रामानुजाचार्यांनी पण आक्षेप मन लावूनच लिहिले."

होय, मन लावूनच. कारण चुकीचा हूक पकडून झोपाळा टांगला तर बसणारा पडतो. 'प्रत्येक गोष्टीला करणारा असतो' या एका वाक्यावर आपण मुलांची श्रद्धा टांगली आणि कॉलेजात पहिल्याच वर्षी कोणीतरी 'मग देवाला कोणी केलं' असं विचारलं, तर त्या दिवशी नुसतं वाक्य पडत नाही, त्याच्यासोबत पोरगं पण पडतं. मग आपण कॉलेजला दोष देतो.

त्या संध्याकाळी तिने आजींना सांगितलं, "आजी, मी देव नाही असं पाठ करत नाहीये. देव आहे हे कुठल्या कारणाने म्हणता येतं आणि कुठल्या कारणाने म्हणू नये, ते पाठ करतेय." आजी म्हणाल्या, "मग नीट कर हो. आणि मला पण सांग, मी इतकी वर्षं कुठल्या कारणाने म्हणतेय ते."

आता रोज संध्याकाळी दोघी झोपाळ्यावर बसतात, असं तिच्या आईने कळवलं आहे. पेपर पुढच्या आठवड्यात आहे.